नातवाच्या ओढीने जर्मनीला : कागदांचे सहा महिने

मुलगा स्टुटगार्टला नोकरीला. सून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बाळंत होणार. इकडे सांगली-मिरजेकडच्या घरात अम्मी-अब्बांची तयारी सुरू. अम्मी डिंक आणि मेथी निवडते आहे, अब्बा फोनवर विचारत आहेत, "बेटा, तिकीट कधीचं काढू?" दोघांनी आजवर देशाबाहेर पाऊल टाकलेले नाही. उमराहचे स्वप्न आहे, पण तेही अजून राहूनच गेले आहे. पासपोर्टही नाही.

हे चित्र आता आपल्या समाजात नवीन राहिलेले नाही. आखाताची वाट आपल्या घरांना तोंडपाठ आहे. तिथे बहुतेक वेळा मुलगाच सगळे करून पाठवतो आणि आईवडील विमानात बसतात. युरोपचे तसे नाही. जर्मनी, फ्रान्स, इटली, नेदरलँड्स असे 29 देश मिळून जो शेंगेन व्हिसा देतात, तो आईवडिलांनी स्वतः मागायचा असतो आणि त्यांची स्वतःची कागदपत्रे तिथे बोलतात. आणि अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की तिकीट सर्वांत शेवटी. व्हिसा हातात पडल्यावर.

या लेखात हे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. 1 ऑगस्टला निघायचे, 10 ऑक्टोबरला परतायचे. अब्बांचे हार्डवेअरचे दुकान, अम्मी गृहिणी, धाकटी मुलगी इथेच कॉलेजात. आधी दिवस मोजून घ्या. ऑगस्टचे 31, सप्टेंबरचे 30, ऑक्टोबरचे 10, मिळून 71. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजणीत धरतात. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, तेव्हा 71 नियमात बसतात.

आता कॅलेंडर उलटे वाचा. नियम सांगतो की अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, म्हणजे 1 फेब्रुवारीपासून पुढे. आणि निदान 15 दिवस आधी तरी केला पाहिजे, म्हणजे 17 जुलैच्या आत. लोक या दुसऱ्या तारखेवर निवांत बसतात आणि तिथेच फसतात. अर्ज दाखल झाल्यावर निर्णयाला साधारण 15 दिवस धरले आहेत, पण कागद जास्त तपासायचे असतील तर तीच मुदत 45 दिवसांपर्यंत वाढू शकते. 1 ऑगस्टपासून 45 दिवस मागे गेलो की 17 जून येतो. शिवाय उन्हाळ्यात सगळे जग युरोपला निघालेले असते, अर्ज देण्याच्या अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. म्हणून आपल्या जोडप्याने 4 जूनची तारीख धरली. निर्णय लांबला तरी तो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हाती येईल.

पण 4 जूनला मुंबईत जे कागद टेबलावर ठेवायचे, ते एकमेकांवर अवलंबून आहेत. एक झाल्याशिवाय दुसरा होत नाही. त्यामुळे सुरुवात मे महिन्यात करून चालत नाही. ती जानेवारी-फेब्रुवारीतच करावी लागते, आणि ती पासपोर्टपासून.

नावाचा गुंता

साध्या पासपोर्टची फी 36 पानांसाठी 1500 रुपये, तत्काळ हवा असेल तर वर 2000. अर्ज ऑनलाइन, मग पासपोर्ट सेवा केंद्रात किंवा पोस्टातल्या केंद्रात जायचे, मग पोलीस पडताळणी. यात अवघड काही नाही. आपल्या घरांत अवघड असते ते नाव.

अम्मीच्या आधारवर "शबाना बी", शाळेच्या दाखल्यावर नुसते "शबाना", निकाहनाम्यात "शबाना बेगम", बँकेत "शबाना" आणि पुढे नवऱ्याचे नाव. अब्बांच्या नावातला "महंमद" कुठे मोहम्मद, कुठे मो., कुठे इंग्रजीत नुसता एमडी. आपल्याला हे सगळे एकच वाटते. फाइल वाचणारा अधिकारी मात्र अक्षरे वाचतो. त्याच्यापुढे तीन वेगळ्या बायका उभ्या राहतात.

अम्मी ही त्या मुलाची आई आहे, हे कागदाने सिद्ध करावे लागते. त्यासाठी मुलाचा जन्मदाखला लागतो. तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचा हाताने लिहिलेला मराठी दाखला असेल तर नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत छापलेला नवा काढून घ्या. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावे छापलेली असतात. अम्मी-अब्बांचे पासपोर्ट काढण्याआधी मुलाकडून त्या पानाचा फोटो मागवा. तिथे ज्या स्पेलिंगने नावे आहेत, त्याच स्पेलिंगने आधी आधार दुरुस्त करून घ्या आणि मग पासपोर्टचा अर्ज भरा. असे केले तर नात्याचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

दुसरे, आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. आपल्याकडे बायकांचे पूर्ण नाव पहिल्याच रकान्यात कोंबून आडनावाची जागा कोरी ठेवण्याची पद्धत आहे. पुढे विमानाच्या बुकिंगला आडनाव सक्तीचे असते, मग एजंट काहीतरी भरतो आणि तिकिटावरचे नाव पासपोर्टपेक्षा वेगळे होते.

निकाहनामा उर्दूत असेल आणि तो जोडायचा असेल तर इंग्रजी भाषांतर लागते. विवाहाची नोंदणी केलेली असेल तर ते प्रमाणपत्र जोडणे जास्त सोपे.

आपल्या जोडप्याचे आधार दुरुस्त होऊन पासपोर्ट मार्चच्या मध्याला हातात आले. शेंगेनसाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. नव्या पासपोर्टला यातले काहीच आडवे येत नाही. घरात जुना पडून असेल, तर मात्र आजच काढून तारीख बघा.

मुलाने तिकडे काढायचा कागद

पासपोर्ट आधी का, ते आता कळेल. जर्मनीत एक हमीपत्र मिळते. त्याचे जर्मन नाव फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग. उच्चार जमला नाही तरी हरकत नाही, मुलाला ते नक्की ठाऊक असते. मुलगा आपल्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन सरकारला लिहून देतो की, माझ्या आईवडिलांचा राहण्याखाण्याचा, आजारपणाचा, वेळ आली तर परत पाठवण्याचाही खर्च मी देईन. हे साधे निमंत्रणपत्र नव्हे. उद्या खरोखर खर्च झाला तर सरकार तो मुलाकडून वसूल करू शकते. फी 29 युरो. मुलाच्या पगाराच्या स्लिपा, नोकरीचा करार, घरभाड्याचा करार असे बघून कार्यालय त्याची ऐपत तपासते आणि तसा शेरा कागदावर मारते. शेरा आहे ना, हे मुलाने तिथेच उभे राहून बघावे. नुसती सही घेतलेला, ऐपत न तपासलेला कागद फारसा उपयोगाचा नसतो.

या हमीपत्रावर आईवडिलांची नावे, जन्मतारखा आणि पासपोर्टचे नंबर लिहिले जातात. म्हणून पासपोर्ट आधी. आणि त्या कार्यालयाची वेळ मिळायला मोठ्या शहरांत कित्येक आठवडे लागतात, म्हणून मुलाने फेब्रुवारीतच वेळ मागून ठेवायची.

घाईही कामाची नाही. व्हिसाचा अर्ज देताना हे पत्र सहा महिन्यांच्या आतले असावे लागते. हौसेने आदल्या नोव्हेंबरच्या 25 तारखेला काढून ठेवले असते, तर ते मेच्या 25 तारखेला शिळे झाले असते आणि 4 जूनला निरुपयोगी ठरले असते. आपल्या उदाहरणात मुलाला 20 एप्रिलची वेळ मिळाली. त्याने मूळ कागद कुरिअरने पाठवला आणि स्कॅन करून एक प्रत स्वतःजवळ ठेवली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोची छापील प्रत चालत नाही, मूळच लागतो. सोबत मुलाच्या पासपोर्टची आणि तिथल्या राहण्याच्या परवान्याची प्रत, आणि एक साधे पत्र. त्या पत्रात आईवडील का येत आहेत, कुठे राहतील, कधी परततील, एवढेच असावे. सून बाळंत होणार आहे हे लपवू नका. ते खरे कारण आहे आणि कळण्यासारखे आहे. डॉक्टरने दिलेली बाळंतपणाची तारीख असलेला कागद जोडला की 71 दिवस का हवेत याचा खुलासा आपोआप होतो.

पैशाची गोष्ट

इथे थोडे थांबायला हवे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत.

आमच्या नात्यातल्या एका खालांचा अर्ज काही वर्षांपूर्वी नाकारला गेला. देश युरोपातलाच. एजंटाने सांगितले होते, "खात्यात पाच लाख दिसले पाहिजेत." खालूंच्या खात्यात चाळीस-पन्नास हजार असायचे. मग मेहुण्याने अर्जाच्या नऊ दिवस आधी चार लाख साठ हजार टाकले. पासबुकात ती एकच ओळ इतकी उठून दिसत होती की ती आम्हालाही दिसली, अधिकाऱ्याला दिसणारच. नकाराच्या छापील कागदावर टिक होती, ती या अर्थाची, की मुक्कामाचा खर्च भागवण्याची सोय सिद्ध झालेली नाही. खालू पाच-सहा दिवस म्हणत राहिले, "अहो, पाच लाख तर दाखवले होते!"

अधिकारी रक्कम बघतोच, पण त्याहून जास्त बघतो तो खात्याचा स्वभाव. दर महिन्याला काय येते, काय जाते, काय उरते. चाळीस हजारांवर चालणाऱ्या खात्यात एका दिवशी साडेचार लाख आले तर त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे कोणाचे? त्याचे उत्तर फाइलमध्ये नसेल तर तो स्वतःच उत्तर काढतो. उसने दाखवलेले पैसे त्या कुटुंबाचे नसतात, आणि ते दोन महिन्यांत परत जाणार हे त्यालाही माहीत असते.

आपल्या जोडप्याला खरे तर मुलाचे हमीपत्र आहे. राहण्याखाण्याची ऐपत त्या कागदाने सिद्ध झाली. अर्जात "खर्च कोण करणार" या प्रश्नापुढे यजमान अशी खूण करायची, म्हणजे अर्ज आणि हमीपत्र एकच बोलतात. मग अब्बांच्या बँकेचा कागद कशाला? कारण दुसरा प्रश्न शिल्लक आहे, हे दोघे परत येणार का? त्याचे उत्तर मुलगा देऊ शकत नाही. ते मिरजेतले दुकान देते.

दुकानाचा गल्ला रोखीचा. आपल्याकडे बरेच व्यापारी रोख घरात किंवा दुकानातच फिरवतात, बँकेत जेमतेम टाकतात. कोणी व्याज नको म्हणून मुदत ठेव करत नाही. बचत सोन्यात असते, भिशीत असते, पतसंस्थेत असते. यात गैर काहीच नाही, पण कागदावर अब्बा कमावतच नाहीत असे दिसते. व्याज नको असेल तर चालू खात्यात ठेवा, व्हिसा अधिकाऱ्याला व्याजाशी कर्तव्य नाही. मात्र विक्रीचा पैसा नियमित खात्यात जाऊ द्या. अब्बांनी जानेवारीपासून दर दोन-तीन दिवसांनी गल्ला बँकेत भरायला सुरुवात केली. माल घेण्याचे पैसेही त्याच खात्यातून गेले. जूनपर्यंत त्या स्टेटमेंटमध्ये एक चालते दुकान दिसायला लागले, कारण दुकान खरोखर चालतेच होते.

मार्चमध्ये त्यांना भिशीचे दीड लाख मिळाले. तीही मोठी रक्कम, एकाच दिवशी आलेली. ती घरात ठेवण्याऐवजी खात्यात भरली आणि अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळी लिहिल्या. बारा जणांची भिशी, महिन्याला साडेबारा हजार, मार्चमध्ये आमची पाळी आली. दर महिन्याला साडेबारा हजार बाहेर गेलेलेही त्याच स्टेटमेंटमध्ये दिसत होते. संशय येण्याआधीच खुलासा झाला.

सोन्याची पावती आणि सराफाचे मूल्यांकन लोक जोडतात. त्याने घर सुखवस्तू आहे इतके कळते, हातात खर्चाला पैसा आहे हे कळत नाही. पतसंस्थेचे पासबुक बँकेच्या स्टेटमेंटसोबत जोडावे, त्याच्या जागी नव्हे.

स्टेटमेंट शेवटच्या तीन महिन्यांचे लागते, तेही ताजे. आपल्या जोडप्याने मार्च, एप्रिल, मेचे स्टेटमेंट 2 जूनला बँकेच्या सही-शिक्क्यानिशी घेतले. एप्रिलमध्ये काढून ठेवलेले असते तर पुन्हा काढावे लागले असते.

बँकेसोबत प्राप्तिकराचे रिटर्न. तीन वर्षांचे असतील तर उत्तम. कर लागत नाही म्हणून रिटर्न भरतच नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. भरता येते, आणि परदेशी जाण्याचा विचार घरात दोन वर्षांवर असेल तर आतापासून भरा. एजंट शेवटच्या क्षणी तिन्ही वर्षांची रिटर्न एकदम भरून देतात, पण प्रत्येक पावतीवर भरल्याची तारीख असते. तिन्ही पावत्या मेच्या एकाच आठवड्यातल्या असतील तर त्या कशासाठी भरल्या हे सांगायला नको. त्यापेक्षा एकाच वर्षाचे खरे रिटर्न बरे.

दुकानाचा शॉप अ‍ॅक्टचा दाखला, जीएसटीची नोंदणी आणि घराची किंवा जमिनीची कागदपत्रे, सातबारा असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर. इथे शिकणाऱ्या मुलीच्या कॉलेजचा दाखला. अब्बा सत्तर दिवस नसताना दुकान कोण बघणार, हे पत्रात लिहा, कारण हा प्रश्न वाचणाऱ्याला पडतोच. पुतण्या बघणार असेल तर तसे लिहा. नोकरदार असाल तर दुकानाच्या जागी पगाराच्या स्लिपा आणि रजा मंजूर केल्याचे कार्यालयाचे पत्र येते. निवृत्त असाल तर पेन्शनचा कागद आणि ज्या खात्यात पेन्शन जमा होते त्याचे स्टेटमेंट.

बुकिंग आणि विमा

व्हिसाच्या आधी तिकीट विकत घेणे हा जुगार आहे. नकार आला तर तिकिटाचे पैसे बुडतात, आणि तिकीट घेतले म्हणून व्हिसा मिळत नाही. अर्जाला लागते ते आरक्षण, म्हणजे जायच्या-यायच्या तारखा आणि विमाने दाखवणारा कागद. ते ट्रॅव्हल एजंटकडून काही दिवसांसाठी धरून ठेवता येते, किंवा पैसे परत मिळणारे तिकीट घेता येते. तीनशे-चारशे रुपयांत "व्हिसासाठी बुकिंग" छापून देणारे आहेत. त्यांच्या कागदावरचा बुकिंग नंबर विमान कंपनीच्या वेबसाइटवर टाकून स्वतः बघा. तो उघडत नसेल तर तो कागद फाइलमध्ये घालू नका. खोटा कागद सापडला तर नकाराचे कारण बदलते. मग पैसे कमी होते असे म्हटले जात नाही, अर्जदाराने फसवले असे म्हटले जाते, आणि ही नोंद पुढच्या अर्जालाही चिकटून राहते.

मुलाच्या घरी राहायचे असल्याने हॉटेलचे बुकिंग लागत नाही. मुलाने मध्ये चार दिवस पॅरिस दाखवायचे ठरवले असेल तर तेवढ्या दिवसांचे लागेल, पण अर्ज जर्मनीकडेच करायचा, कारण जास्त मुक्काम तिथे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज करून शेवटी जर्मनीला जाणे, हे शहाणपण अंगाशी येते.

विमा मात्र सक्तीचा. निदान 30,000 युरोंचे संरक्षण, सर्व शेंगेन देशांत चालणारा, आणि पूर्ण मुक्कामाचा, म्हणजे 1 ऑगस्ट ते 10 ऑक्टोबर, एक दिवसही कमी नाही. दोघांचा वेगवेगळा. अब्बांना साखर आणि रक्तदाब आहे, आणि अर्ध्या विमा पॉलिसी आधीपासूनच्या आजाराला फार कमी देतात किंवा काहीच देत नाहीत. व्हिसाला कोणतीही नियमातली पॉलिसी चालते, पण तिथे खरोखर दवाखान्यात जायची वेळ आली तर बिल हमीपत्रामुळे मुलाच्या गळ्यात पडेल. म्हणून हजार-दीड हजार जास्त गेले तरी पॉलिसीतले ते कलम वाचून घ्या.

सगळे कागद जमल्यावर एका संध्याकाळी ते दस्तरखान पसरतो तसे जमिनीवर पसरा आणि फक्त तारखा वाचा. अर्जातली जायची-यायची तारीख, आरक्षणातली, विम्यातली, मुलाच्या पत्रातली, अब्बांच्या पत्रातली. एका ठिकाणी 10 ऑक्टोबर आणि दुसऱ्या ठिकाणी 12 असेल तर ज्याच्यात चूक आहे तो कागद पुन्हा काढा. आपल्या जोडप्याच्या विम्यात 8 ऑक्टोबर निघाली होती. एक फोन केला, दुरुस्त झाली.

4 जून, मुंबई

अर्ज ऑनलाइन भरून, छापून, सही करून न्यायचा. फोटो 35 बाय 45 मिलिमीटर, सहा महिन्यांतला, फिकट पार्श्वभूमीचा. अम्मींनी डोक्यावरचा स्कार्फ ठेवून काढलेला फोटो चालतो, धार्मिक कारणासाठी डोके झाकण्याला मुभा आहे. फक्त हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा पूर्ण दिसला पाहिजे आणि स्कार्फची सावली चेहऱ्यावर पडता कामा नये. फोटोवाल्याला हे आधीच सांगा, नाहीतर तो कपाळ अर्धे झाकून देतो.

कागद घेण्याचे काम जर्मन वकिलातीच्या वतीने व्हीएफएसचे केंद्र करते. निर्णय तिथला माणूस घेत नाही. तो यादीप्रमाणे कागद मोजतो, दहा बोटांचे ठसे आणि फोटो घेतो, फी घेतो. त्याच्याशी हुज्जत घालून काही मिळत नाही, आणि त्याने "होईल" म्हटले तरी त्याला अर्थ नाही. फी 2024 च्या जूनपासून मोठ्या माणसासाठी 90 युरो आहे, ती रुपयांत भरायची, वर केंद्राचे सेवाशुल्क. नकार आला तरी फी परत मिळत नाही. लग्नाच्या घरून थेट जात असाल तर बोटांच्या टोकांवर मेंदी नको. ठसे नीट उमटले नाहीत तर पुन्हा घ्यावे लागतात. हे ठसे 59 महिने जपून ठेवतात, त्यामुळे पुढच्या वेळी बहुधा द्यावे लागत नाहीत.

दोघांची फाइल वेगळी. नवरा-बायको एकत्र जात असले तरी अर्ज दोन, विमे दोन, कागदांचे संच दोन. अम्मीच्या नावाने उत्पन्न नाही, म्हणून तिच्या फाइलमध्ये अब्बांचे स्टेटमेंट आणि लग्नाचा दाखला जोडायचा. तिचा अर्ज रिकामा ठेवून "साहेबांच्या फाइलमध्ये आहे" असे सांगता येत नाही.

नकार आला तर एक छापील फॉर्म येतो, त्यात कारणांपुढे टिक असते. पूर्वी जर्मन वकिलातीकडेच लेखी फेरविचार मागता यायचा, ती सोय 1 जुलै 2025 पासून बंद झाली. आता एक महिन्यात बर्लिनच्या न्यायालयात जाणे किंवा नवा अर्ज करणे, असे दोन मार्ग उरले, आणि सामान्य घराला दुसराच परवडतो. तेच कागद पुन्हा दिले तर तेच उत्तर येते. आमच्या खालांनी सात महिन्यांनी दुसरा अर्ज केला तो मेहुण्याच्या पैशाशिवाय. खात्यात नव्वद हजारच होते, पण खालूंच्या पेन्शनचे होते आणि दर महिन्याचे होते. सोबत मुलीची हमी. त्या वेळी व्हिसा मिळाला.

आपल्या जोडप्याचे पासपोर्ट 26 जूनला घरी आले. पाकीट उघडून पेढे वाटायच्या आधी व्हिसाचे पान वाचा. नाव आणि पासपोर्टचा नंबर बरोबर आहे का, किती वेळा प्रवेश करता येतो, आणि मुक्कामाचे दिवस किती. तारखांच्या दोन ओळी असतात. अब्बांच्या व्हिसावर 1 ऑगस्टपासून 25 ऑक्टोबरपर्यंत असे होते आणि दिवसांच्या रकान्यात 71. अम्मी म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह, पंधरा दिवस जास्तीचे दिले!" दिले नाहीत. प्रवास पुढेमागे झाला तर अडचण नको म्हणून व्हिसाची मुदत थोडी लांब असते, राहायचे मात्र 71 दिवसच. बहात्तरावा दिवस मोजला गेला तर पुढच्या व्हिसाला तो विचारला जातो. आता तर युरोपच्या सीमेवर शिक्का मारण्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकात करण्याची पद्धत 2025 च्या ऑक्टोबरपासून सुरू झाली आहे.

तिकीट त्याच संध्याकाळी काढले, 1 ऑगस्टचे. हमीपत्राची प्रत, विमा, परतीचे तिकीट आणि मुलाचा पत्ता-फोन हे अम्मीच्या पर्समध्ये ठेवायचे, सामानाच्या बॅगेत नाही, कारण उतरल्यावर सीमेवरचा अधिकारी हेच कागद पुन्हा मागू शकतो. डिंकाच्या लाडवांचे मात्र मुलाला आधी विचारून घ्या. बाहेरून येणाऱ्यांना दूध आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, त्यामुळे घरचे तूप आणि खवा इथेच राहील.